आपल्याच वहीतून चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका

दहावीच्या विज्ञान भाग १ ची लेखी परीक्षा चाळीस गुणांची आणि दोन तासांची असते, हे मुलांना पाठ असतं. पण ते चाळीस गुण कसे विभागलेले आहेत असं विचारलं की बहुतेक जण ‘पहिला प्रश्न सोपा, शेवटचा मोठा’ एवढ्यावर थांबतात. सराव म्हणून मग बाजारातला अपेक्षित प्रश्नसंच आणला जातो. त्यातली पहिली प्रश्नपत्रिका उत्साहात सुटते, दुसरी पंख्याखाली लोळत वाचली जाते आणि तिसरी कोरी राहते. वर्षभर स्वतःच्या हाताने लिहिलेली वही मात्र नुसती वाचण्यापुरती उरते. त्या वहीतून मंडळाच्या आराखड्याबरहुकूम प्रश्नपत्रिका काढता येते. ती काढताना वहीत काय आहे आणि काय नाही, हे जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दहा वेळा वाचूनही दिसत नाही. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला, त्यामुळे उदाहरण याच विषयाचं घेते.

आधी आराखडा बघू. प्रश्न १ (अ) मध्ये पाच बहुपर्यायी प्रश्न असतात, पाच गुणांचे. १ (ब) मध्ये एकेका गुणाचे पाच छोटे प्रश्न असतात: वेगळा घटक ओळखा, सहसंबंध लिहा, चूक की बरोबर, अशा धर्तीचे. प्रश्न २ (अ) म्हणजे शास्त्रीय कारणे. तीन देतात, दोन लिहायची, गुण चार. २ (ब) मध्ये दोन-दोन गुणांचे पाच प्रश्न, त्यातले तीन सोडवायचे, गुण सहा. प्रश्न ३ हा सगळ्यात मोठा: तीन-तीन गुणांचे आठ प्रश्न, त्यातले पाच, गुण पंधरा. आणि प्रश्न ४ मध्ये पाच गुणांचे दोन प्रश्न, त्यातला एक. बेरीज चाळीस.

पण प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला चाळीसची बेरीज पुरत नाही. कागदावर छापलेले सगळे प्रश्न धरले तर दहा, सहा, दहा, चोवीस आणि दहा, म्हणजे साठ गुण होतात. याला आम्ही शिक्षक ‘विकल्पासह गुण’ म्हणतो. घरी प्रश्नपत्रिका काढणारी मुलं इथेच चुकतात. ती बरोबर चाळीस गुणांचे प्रश्न काढतात आणि सगळे सोडवतात. त्यामुळे आठ प्रश्न वाचून त्यातले कोणते पाच घ्यायचे हे ठरवण्याचा सराव अजिबात होत नाही. परीक्षेत मात्र तीच निवड घाम फोडते. म्हणून प्रश्न साठ गुणांचेच काढायचे.

आता हे साठ गुण पुस्तकातल्या दहा प्रकरणांवर वाटायचे. शाळेत आम्ही त्यासाठी संविधान तक्ता भरतो: डावीकडे प्रकरणं, वर प्रश्नप्रकार, प्रत्येक चौकोनात गुण. घरी पाठकोऱ्या कागदावर तो पाच मिनिटांत आखता येतो. साठ भागिले दहा, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला सरासरी सहा गुण. गंमत अशी की हा हिशेब अगदी नेटका जुळतो. आठ प्रकरणांना एक अधिक दोन अधिक तीन असे सहा गुण द्यायचे आणि उरलेल्या दोन प्रकरणांना एक अधिक पाच असे सहा. पाच गुणांचे प्रश्न ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ यांना दिले, असं धरू. शास्त्रीय कारणं ‘गुरुत्वाकर्षण’, ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ आणि ‘धातुविज्ञान’ यांना. दोन गुणांचे बाकीचे पाच प्रश्न ‘विद्युतधारेचे परिणाम’, ‘उष्णता’, ‘प्रकाशाचे अपवर्तन’, ‘कार्बनी संयुगे’ आणि ‘अवकाश मोहिमा’ यांना. ज्या आठ प्रकरणांना पाच गुणांचा प्रश्न नाही, त्यांना तीन गुणांचा एकेक. एकेका गुणाचा प्रश्न दहाही प्रकरणांना. उभी-आडवी बेरीज करून बघा, साठच येते.

मंडळाची खरी प्रश्नपत्रिका इतकी समान वाटणी करत नाही. काही प्रकरणं जास्त गुण खातात, काही कमी. मंडळाचा प्रकरणनिहाय गुणभार शाळेत मिळतो. तो हाती आला की समान तक्त्यात फेरफार करायचा. अवकाश मोहिमांचा तीन गुणांचा प्रश्न काढून कार्बनी संयुगांना दिला की एकाचे तीन होतात आणि दुसऱ्याचे नऊ, एकूण मात्र साठच राहतात. नियम एवढाच की गुण एका ओळीतून दुसऱ्या ओळीत हलवावेत, पण प्रश्नप्रकाराच्या स्तंभाची बेरीज बिघडू देऊ नये. तीन गुणांचे प्रश्न आठच राहिले पाहिजेत.

या तक्त्यावरून ‘ऑप्शनला टाकणे’ या लाडक्या उद्योगाची खरी किंमतही कळते. समजा एखाद्याने उष्णता आणि अपवर्तन ही दोन प्रकरणं सोडली. प्रश्न ३ मध्ये त्याच्यासमोर आठांपैकी सहा प्रश्न उरतात आणि हवेत पाच. तिथे तो खुशीत असतो. पण २ (ब) मध्ये पाचांपैकी तीनच उरतात आणि तीनही सोडवावेच लागतात, निवड संपली. पहिल्या प्रश्नात तर विकल्पच नाही, तिथले दोन गुण सरळ गेले. वही वाचून हे कळत नाही, तक्ता भरताना आपोआप पुढ्यात येतं.

तक्ता झाला की वही उघडायची आणि पेन्सिल घेऊन समासात आकडे टाकत जायचं: १, २, ३, ५. वहीतली प्रत्येक नोंद कोणत्या गुणाच्या प्रश्नाला पुरेल याचा तो अंदाज. व्याख्या, एकक, शोध लावणाऱ्याचं नाव यांच्यापुढे १ येतो. ज्या वाक्यात ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ दडलेलं आहे त्यापुढे २, ते शास्त्रीय कारणांचं खाद्य. आकृती, फरकाचा तक्ता, छोटं गणित यांच्यापुढे ३. एकाच विषयाची व्याख्या, आकृती, सूत्र आणि गणित सलग आलं असेल तर ५, कारण पाच गुणांचा प्रश्न बहुधा छोट्या उपप्रश्नांत तोडून विचारतात.

एकच नोंद कितीही गुणांची करता येते, हे इथे लक्षात ठेवायला हवं. अभिक्रियेच्या दराबद्दल बहुतेक वह्यांत एक ओळ असते: ‘कणांचा आकार जितका लहान, तितका अभिक्रियेचा दर जास्त.’ एका गुणासाठी सहसंबंध करता येतो. दोन गुणांसाठी शास्त्रीय कारण होतं: शहाबादी फरशीच्या तुकड्यापेक्षा तिच्या भुकटीची विरल हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया वेगाने होते. तीन गुणांसाठी ती ओळ एकटी अपुरी पडते; मग अभिकारकांचं स्वरूप, संहती, तापमान, उत्प्रेरक हे बाकीचे घटकही लागतात आणि वहीत ते सगळे आहेत का हे तपासावं लागतं. मात्र एकाच प्रश्नपत्रिकेत ही नोंद दोन ठिकाणी वापरू नये. नाहीतर पहिल्या प्रश्नातल्या विधानात तिसऱ्याचं उत्तर छापून येतं. घरच्या प्रश्नपत्रिकांत ही गळती सर्रास असते.

आकडे टाकून झाले की तक्त्यातले चौकोन भरायला घ्यायचे, आणि इथेच काही चौकोन भरेनासे होतात. अवकाश मोहिमांचं ठरलेलं उदाहरण घ्या. मुलांच्या वहीत तिथे उपग्रहांच्या नावांची यादी असते: इन्सॅट, जीसॅट, आयआरएनएसएस. यादीतून एका गुणाचा प्रश्न निघतो, ओढूनताणून दोन गुणांचा. तीन गुणांचा प्रश्न काही निघत नाही. पुस्तकात मात्र उच्च, मध्यम आणि निम्न कक्षांची वर्गवारी आहे, तिथली अंतरं आहेत, भूपृष्ठापासूनच्या उंचीप्रमाणे उपग्रहाचा वेग काढण्याची गणितं आहेत. ती ‘जीके’ वाटतात किंवा अवघड वाटतात म्हणून वहीत उतरलेली नसतात. रिकामा चौकोन म्हणजे वहीतलं भोक. ते पुस्तकातून भरायचं आणि मगच पुढे जायचं. प्रश्नपत्रिका सोडवण्याआधीच हाती आलेला हा पहिला निकाल असतो.

आता प्रश्नाची भाषा. स्वतःच्या वहीतून प्रश्न काढण्याचा खरा धोका इथे आहे. वहीत ‘४ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते’ असं वाक्य आहे. मुलगी त्याचा प्रश्न करते, ‘किती अंशाला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते?’ हे वाक्य उलटं करून विचारणं झालं. उत्तर डोक्यातून येत नाही, वहीच्या पानावरच्या जागेवरून येतं: उजव्या पानावर, खाली, लाल शाईत. त्याऐवजी होपच्या उपकरणाकडे वळावं. नोंद तीच, पण प्रश्न असा: ‘उपकरणाच्या मध्यभागी गोठणमिश्रण ठेवल्यावर आधी खालच्या तापमापीचे तापमान उतरते आणि ४ अंशांवर स्थिरावते. त्यानंतर वरच्या तापमापीचे तापमान शून्यापर्यंत जाते. यावरून काय कळते, ते कारणासह लिहा.’ आता नोंद आठवून भागत नाही. थंड झालेलं पाणी खाली का गेलं आणि चार अंशांखालचं पाणी वर का राहिलं, हे सांगावं लागतं. तीन गुणांना शोभेल असा प्रश्न झाला.

गणितांचे आकडे तर बदलायलाच हवेत, पण विचार करून. भिंगाचं एक गणित बघा: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ६० सेंमीवर, उंची ४ सेंमी. भिंगाच्या सूत्रात घातलं की:

```
1/v = 1/f + 1/u = 1/20 − 1/60 = 1/30
v = 30
```

प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला ३० सेंमीवर, वास्तव, उलटी आणि निम्म्या आकाराची, म्हणजे २ सेंमी उंच. सुबक उत्तर. आता कोणी वेगळेपणासाठी ६० च्या जागी ५० केले तर उत्तर ३३.३३ येतं. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे भागाकारात दोन मिनिटं जातात आणि ‘मला भिंगं येत नाहीत’ असा गैरसमज पदरी पडतो. आकडा बदलला की गणित आधी बाजूच्या कागदावर सोडवून बघायचं. उत्तर पूर्णांकात किंवा सरळ दशांशात येत असेल तरच ते प्रश्नपत्रिकेत घ्यायचं. ५० ऐवजी ३० घेतले तर प्रतिमा बरोबर ६० सेंमीवर येते आणि दुप्पट होते. हे चाललं.

प्रश्न गरजेपेक्षा दुपटीने काढावेत. तक्त्यातल्या प्रत्येक चौकोनासाठी दोन-तीन चिठ्ठ्या लिहायच्या, घडी घालायच्या आणि त्यातली एक उचलायची. स्वतः निवडायला बसलं तर हात आवडत्या प्रश्नाकडेच जातो. चिठ्ठीला आवडनिवड नसते. शिवाय प्रश्न लिहिल्यावर लगेच सोडवायला बसू नये. आठवडाभर मध्ये जाऊ द्यावा, म्हणजे कोणत्या ओळीवरून कोणता प्रश्न काढला हे पुसट होतं. त्याहून बरा उपाय म्हणजे मैत्रिणीशी अदलाबदल. तक्ता दोघींचा एकच, वह्या आपापल्या, प्रश्नपत्रिका मात्र एकमेकींच्या. एकीने सोपं समजून सोडलेलं दुसरीच्या प्रश्नपत्रिकेत हमखास सापडतं.

प्रश्नपत्रिकेच्या वर सूचना लिहायला विसरू नये, कारण गुण तिथेही जातात. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करा. बहुपर्यायी प्रश्नात पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जाईल. आवश्यक तेथे नामनिर्देशित आकृती काढा. घरच्या सरावात या सूचना पाळल्या नाहीत की खाडाखोड करून पर्याय बदलण्याची सवय लागते आणि ती मार्चमध्ये महागात पडते.

वेळेचा हिशेब मी असा मांडते. एकशेवीस मिनिटं आणि चाळीस गुण, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. हे गणित सगळेच करतात, पण त्यात वाचायला आणि तपासायला एक क्षणही उरत नाही. म्हणून गुणाला अडीच मिनिटं धरावीत. शंभर मिनिटं लिहिण्यात जातात, वीस हातात राहतात. या शंभराचीही वाटणी सारखी नसते. पहिल्या प्रश्नाला दहा गुणांचे पंचवीस मिनिटं द्यायचं कारण नाही, पंधरा पुरतात. दुसऱ्याला पंचवीस, तिसऱ्याला पंचेचाळीस, चौथ्याला पंधरा. वीसपैकी सात मिनिटं सुरुवातीला प्रश्नपत्रिका वाचून प्रश्न ३ मधले पाच ठरवायला, उरलेली शेवटी एककं, खुणा आणि आकृतीतली नावं तपासायला. २०२३ पासून मंडळ शेवटी दहा मिनिटं जादा देतं. सरावात ती धरू नयेत. घरी पाठीमागे पर्यवेक्षक नसतात, पुरवणी मागायला हात वर करावा लागत नाही, शेजारच्या बाकाचा आवाज नसतो. तिथली दहा मिनिटं इथे आपोआपच मिळालेली असतात.

प्रश्नपत्रिका एकाच बैठकीत सोडवायची, शक्य तर सकाळी अकराला, कारण परीक्षाही अकरालाच सुरू होते. प्रत्येक प्रश्न संपला की समासात घड्याळातली वेळ टिपायची: ११.२४, ११.४९. एकूण वेळेपेक्षा या टिपा जास्त बोलक्या असतात. दोन गुणांच्या शास्त्रीय कारणाला अकरा मिनिटं लागली असतील तर तिथे ज्ञान कमी नव्हतं, उत्तर लांबलं होतं. वहीत त्या विषयाचं पानभर टिपण असलं की मुलं दोन गुणांसाठीही पानभरच लिहितात. उलट, तीन गुणांचा प्रश्न चार मिनिटांत उरकला असेल तर बहुधा एखादा मुद्दा किंवा आकृती राहिलेली असते.

आता तपासणी. आदर्श उत्तरपत्रिका सोडवायच्या आधी करून पाकिटात ठेवावी, आणि ती वहीवरून न करता पाठ्यपुस्तकावरून करावी. वहीत चूक असेल तर तीच चूक प्रश्नात, तीच उत्तरात आणि तीच तपासणीत येते आणि पैकीच्या पैकी गुण मिळतात. उत्तरापुढे गुणांची फोड लिहून ठेवायची. उदाहरणार्थ: ‘वर फेकलेली वस्तू ४५ मीटर उंचीपर्यंत जाते. सुरुवातीचा वेग किती? ती परत येण्यास किती वेळ लागेल? (g = 10 m/s²)’ इथे वेग सेकंदाला ३० मीटर आणि एकूण वेळ ६ सेकंद. तीन गुणांपैकी दीड वेगाला: सूत्राला अर्धा, किंमती घालण्याला अर्धा, एककासह उत्तराला अर्धा. उरलेले दीड वेळेला, तशाच फोडीने. वर जायला लागणारे ३ सेकंदच उत्तर म्हणून लिहिले तर शेवटचा अर्धा गुण गेला. ही फोड समोर असली की स्वतःचं तपासतानाही हात ढिला सोडता येत नाही. ‘मला म्हणायचं तेच होतं’ याला तपासणीत जागा नाही. कागदावर जे आहे तेवढंच मोजायचं.

एकूण गुण लिहून मोकळं होण्यात काही हशील नाही. घरची प्रश्नपत्रिका परीक्षेतले गुण सांगू शकत नाही. काढणारा तोच, तपासणारा तोच, आणि मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत एखादी अनोळखी आकृती किंवा उतारा असतोच. गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला ते मात्र त्यातून नेमकं कळतं. गेलेल्या गुणापुढे तीन अक्षरांपैकी एक लिहायचं. नोंदच वहीत नव्हती तर ‘न’. नोंद होती, पण लिहिताना मुद्दा, एकक किंवा आकृतीतलं नाव सुटलं तर ‘सु’. वेळ संपली तर ‘वे’. समजा चाळीसपैकी अठ्ठावीस मिळाले आणि बारा गेले. त्यात ‘न’ दोन, ‘सु’ सात, ‘वे’ तीन असतील तर त्या मुलीने नवं काही वाचायची घाई करू नये. तिने तीन गुणांची उत्तरं मुद्दे मोजून लिहावीत. आठ गुण ‘न’चे असतील तर मात्र दुसरी प्रश्नपत्रिका काढण्याआधी वहीच पुरी करायला हवी.

दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तक्त्याच्या स्तंभांना हात लावायचा नाही, फक्त ओळी फिरवायच्या. पाच गुण आता भिंगांकडून विद्युतधारेच्या परिणामांकडे आणि आवर्ती वर्गीकरणाकडून कार्बनी संयुगांकडे. त्यांच्या दोन आणि तीन गुणांच्या जागा भिंगं आणि आवर्ती वर्गीकरण घेतील. ‘सु’ ज्या नोंदींवर आला त्या पुन्हा घ्यायच्या, पण वेगळ्या गुणांच्या चौकोनात: फरशीच्या भुकटीचं कारण चुकलं असेल तर यावेळी दरावर परिणाम करणारे घटक, तीन गुणांना. पहिल्या वेळी न उचललेल्या चिठ्ठ्या डब्यात आहेतच.